एव्हीएल ट्री: की टाकल्यावर होणारी रोटेशन्स

एव्हीएल ट्री म्हणजे असा बायनरी सर्च ट्री ज्यात कुठल्याही नोडच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या उंचीत १ पेक्षा जास्त फरक राहू देत नाहीत. अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या दोघा सोव्हिएत गणितज्ञांनी १९६२ साली तो मांडला, नावातली अक्षरं त्यांचीच. नवीन की टाकली की तिथून वर रूटकडे जाताना एकेक नोड तपासायचा, आणि जिथे फरक पहिल्यांदा २ दिसेल तिथे रोटेशन करायचं.

३०, १०, २०, ४०, ५०, ३५ या क्रमाने टाकून बघू. ३० रूट, १० त्याच्या डावीकडे, २० हा १० च्या उजवीकडे. आता ३० वर फरक २ झाला आणि वाट डावीकडून उजवीकडे अशी वाकडी आहे, म्हणून आधी १० वर डावं रोटेशन, मग ३० वर उजवं, आणि २० रूट होतो. ४० टाकल्यावर काही बिघडत नाही. ५० टाकला की ३०-४०-५० अशी सरळ रेघ होते, ३० वर एकच डावं रोटेशन पुरतं, ४० वर येतो.

खरी मजा ३५ ला आहे. तो ३० च्या उजवीकडे जाऊन बसतो, ३० आणि ४० ठीकच असतात पण रूटवर, म्हणजे २० वर, डावीकडे उंची १ आणि उजवीकडे ३.

```
   २०                 ३०
  /  \               /  \
१०    ४०     →     २०    ४०
     /  \         /     /  \
   ३०    ५०     १०    ३५    ५०
     \
      ३५
```

इथे बरेच जण घाईत २० वर सरळ डावं रोटेशन करतात. करून बघा, ४० रूट होतो पण ३० आणि ३५ हे २० खालीच लटकून राहतात, डावीकडे उंची ३, उजवीकडे १, म्हणजे तोल नुसता दुसऱ्या बाजूला गेला. २० वरून ३५ कडे जाताना पहिलं पाऊल उजवीकडे, दुसरं डावीकडे, म्हणून आधी ४० वर उजवं रोटेशन करायचं: ३० वर येतो, ४० त्याच्या उजवीकडे जातो आणि ३० चा उजवा मुलगा ३५ आता ४० चा डावा होतो. मग २० वर डावं, आणि ३० रूट.

म्हणजे वर येतो तो नुकताच टाकलेला ३५ नाही, तर त्या वाटेवरचा मधला नोड. पहिल्या वेळी २० नवीनच होता आणि तोच वर आला, त्यामुळे दरवेळी नवीन कीच वर येते असा समज होतो.

कोड लिहिताना ३५ सारखं मधलं सबट्री हातात धरून ठेवायला विसरलं तर ते झाडातून गायबच होतं. पकडायला सोपं आहे, इनऑर्डर प्रिंट करा, १०, २०, ३०, ३५, ४०, ५० असं सगळं आलं पाहिजे. पण उंची चुकली असेल तर इनऑर्डरमध्ये ती दिसत नाही. रोटेशननंतर आधी खाली गेलेल्या नोडची उंची मोजायची आणि मगच वर आलेल्याची, कारण वरच्याची उंची खालच्यावरून निघते. उलटं केलं तर पुढच्या की टाकताना भलत्याच नोडवर रोटेशन होतं किंवा हवं तिथे होतच नाही.

एका इन्सर्टला अशी एकच दुरुस्ती पुरते, कारण तिच्यानंतर त्या सबट्रीची उंची की टाकायच्या आधी होती तेवढीच होते (५० च्या वेळी २ ची २ च), त्यामुळे वरच्या नोडना काही कळतही नाही. डिलीट करताना मात्र उंची कमी होऊ शकते आणि पार रूटपर्यंत रोटेशन्स करत जावं लागू शकतं.