उलट भाषांतर: तुमचा प्रश्न मराठीत तोच राहिला आहे का?

सर्वेक्षणाची प्रश्नावली मराठीत करून घ्यायला येणाऱ्या संस्था पहिल्याच बैठकीत विचारतात, "एकदा मराठी झालं, मग ते परत इंग्रजीत कशाला करायचं? त्याचे वेगळे पैसे का?" त्याचं उत्तर म्हणून इथे एकच प्रश्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवतो.

प्रश्न आरोग्याचा आहे. मूळ इंग्रजी वाक्य असं: 'इन द पास्ट मंथ, हाऊ मेनी टाइम्स डिड एनीवन इन युअर हाउसहोल्ड व्हिजिट अ डॉक्टर?' त्याचं पहिलं मराठी रूप झालं: 'गेल्या महिन्यात तुमच्या कुटुंबातील कोणी किती वेळा डॉक्टरकडे गेले?' वाचायला सरळ आहे, व्याकरणाची चूक नाही. बहुतेक जण इथेच होकार देतात.

आता हे मराठी वाक्य आम्ही दुसऱ्या भाषांतरकाराकडे देतो. त्याला मूळ इंग्रजी दाखवत नाही, आणि पहिलं भाषांतर करणाऱ्याशी त्याला बोलूही देत नाही. समोर आहे तेवढंच इंग्रजीत लिहायचं, काही सुधारायचं नाही, एवढीच सूचना. त्याच्याकडून आलं: 'लास्ट मंथ, हू इन युअर फॅमिली वेंट टू अ डॉक्टर, अँड हाऊ मेनी टाइम्स ईच?' दोन्ही इंग्रजी वाक्यं शेजारी ठेवली की तीन ठिकाणी नजर अडते.

पहिलं ठिकाण महिन्याचं. 'पास्ट मंथ' म्हणजे आजपासून मागचे तीसेक दिवस. 'गेला महिना' म्हणजे आपल्याकडे सरळ कॅलेंडरवरचा मागचा महिना. २५ ऑगस्टला कुणाला विचारलं, तर संशोधकाला २६ जुलै ते २५ ऑगस्ट हवा असतो आणि घरातली बाई १ ते ३१ जुलै आठवून सांगते. दोन्हींत सामाईक दिवस फक्त सहा. दुसऱ्याच महिन्याची माहिती गोळा होते, आणि तक्त्यात आकडे अगदी व्यवस्थित दिसत असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरं ठिकाण 'हाउसहोल्ड'. जनगणनेत हाउसहोल्ड म्हणजे साधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. उलट भाषांतरात आली 'फॅमिली', कारण मराठीत आम्ही 'कुटुंब' लिहिलं होतं. गोव्यात ही तफावत मोठी पडते. वडिलोपार्जित घर एक, छप्पर एक, पण भावांच्या चुली तीन, हे आपल्याकडे गावोगाव आहे. उलट, एकाच कुटुंबातला मुलगा बोटीवर, मुलगी पुण्याला, असंही आहे.

तिसरं ठिकाण आम्हालाही अनपेक्षित होतं. 'कोणी किती वेळा' हे मराठी वाचणारा माणूस प्रत्येकाचा वेगळा हिशोब द्यायला लागतो. मग मूळ वाक्याकडे परत पाहिलं, तर सगळ्यांचं मिळून की प्रत्येकाचं, हे इंग्रजीतही स्पष्ट नव्हतंच. संस्थेला विचारलं; त्यांना एकूण बेरीज हवी होती. तेव्हा मराठीबरोबर मूळ प्रश्नही दुरुस्त झाला. या पद्धतीबद्दल रिचर्ड ब्रिस्लिन यांचा १९७० चा लेख आजही आधार मानला जातो. भाषांतराला सोपं जावं म्हणून इंग्रजी वाक्य सोळा शब्दांच्या आत ठेवा, असं त्यांनी सुचवलं होतं. आमचं वाक्य पंधरा शब्दांचं होतं, तरी सैल होतं.

इथपर्यंत पद्धतीने काम केलं. ती कुठे फसवते हेही तुम्हाला सांगितलं पाहिजे.

हेच मराठी वाक्य आम्ही आणखी एकाकडे दिलं. त्यांनी वर्षानुवर्षं सर्वेक्षणांची कामं केलेली. त्यांच्याकडून 'पास्ट मंथ' आणि 'हाउसहोल्ड' असे दोन्ही शब्द जसेच्या तसे परत आले! मूळ त्यांनी पाहिलं नव्हतं, पण असले प्रश्न कसे असतात हे हाताला माहीत असल्यामुळे मराठीतला दोष त्यांनी नकळत दुरुस्त केला. कागदावर जुळणी शंभर टक्के, आणि प्रश्न तरीही चुकीचा. म्हणून उलट भाषांतरासाठी आम्ही दोन्ही भाषा चांगल्या येणारा, पण सर्वेक्षणाच्या धंद्यात नसलेला माणूस निवडतो.

दुसरी फसगत शब्दशः भाषांतराची. अमेरिकेत तयार झालेल्या एका प्रसिद्ध आरोग्य प्रश्नावलीत 'वॉकिंग सेव्हरल ब्लॉक्स' असं आहे. 'अनेक ब्लॉक चालणे' असं लिहिलं, तर परत इंग्रजीत ते हुबेहूब येतं. पण आपल्याकडे ब्लॉक म्हटलं की बीडीओचं ऑफिस आठवतं. ब्रिटनच्या आवृत्तीतसुद्धा त्या जागी अर्धा मैल घालावा लागला, तिथे तर भाषाही बदलली नव्हती. उलट भाषांतर दोन वाक्यांची तुलना करतं. उत्तर देणाऱ्याच्या डोक्यात काय आलं, ते त्याला दिसत नाही.

त्यासाठी आम्ही आठ-दहा माणसांना प्रश्न विचारून पाहतो, आणि उत्तर मिळाल्यावर विचारतो, "हे कसं मोजलंत? कोणाकोणाला धरलंत?" या प्रश्नाच्या वेळी सत्तरीतल्या एका काकींनी कुटुंबात चौदा माणसं धरली. कोण कोण, विचारल्यावर म्हणाल्या, "चवथीला मूळ घरात येतात ती सगळी आमचीच की." रोज त्यांच्या घरी जेवणारी माणसं पाच. काकींचं उत्तर 'कुटुंब' या शब्दाला धरून बरोबरच होतं, शब्द आमचा चुकला होता.

शेवटी प्रश्न असा झाला: 'आजपासून मागच्या ३० दिवसांत, तुमच्या घरी एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्या माणसांच्या मिळून डॉक्टरकडे एकूण किती खेपा झाल्या?' गॅस असला तरी चूल म्हटलेलं लोकांना नेमकं कळतं, असं आम्हाला दिसलं. बोटीवरच्या मुलाला धरायचं की नाही, हे मात्र भाषांतरकाराने ठरवायचं नसतं. ते संस्थेने ठरवलं आणि प्रश्न विचारणाऱ्यांच्या सूचनांत लिहिलं.

गोव्यापुरती आणखी एक गोष्ट. छापील प्रश्नावली मराठी असते आणि दारात उभं राहून ती पुष्कळदा कोंकणीत विचारली जाते. प्रत्येक जण ते आपापल्या परीने फिरवतो, त्यामुळे मराठी वाक्याची केलेली तपासणी तिथे लागू राहत नाही. तुमचे लोक कोंकणीत बोलणार असतील तर आधीच सांगा. कोंकणी वाक्यही लिहून घेऊन वेगळं तपासावं लागेल.

काम देताना नुसती प्रश्नावली पाठवू नका. प्रत्येक प्रश्नातून काय मोजायचं आहे ते एकेका ओळीत लिहा, व्याख्या असतील तर जोडा, आणि शंका विचारल्यावर उत्तर देऊ शकेल असा तुमच्याकडचा एक माणूस ठरवा. काम पूर्ण झाल्यावर तुम्हाला अंतिम मराठीसोबत एक तक्ता मिळेल: मूळ प्रश्न, पहिलं मराठी, उलट भाषांतर, कुठे अडलं आणि काय बदललं. उलट भाषांतर मूळाशी किती जुळलं याची टक्केवारी आम्ही देत नाही. वर शंभर टक्के जुळलेल्या वाक्याचं काय झालं ते तुम्ही वाचलंच आहे.