संवाद-समायोजन : नाशिकमधील सेवा-कॉल

बोलणारा माणूस समोरच्याच्या बोलण्याकडे नकळत सरकतो, तेव्हा त्याला अभिसरण म्हणतात; फरक राखतो किंवा वाढवतो, तेव्हा अपसरण. संवाद-समायोजनाची ही मांडणी हॉवर्ड जाइल्स यांनी १९७०च्या दशकात उच्चारांच्या अभ्यासातून सुरू केली. पुढे तिच्यात वेग, विराम, संबोधन आणि शब्दनिवड यांचाही समावेश झाला. सेवाव्यवहारातला प्रसिद्ध अभ्यास निकोलस कूपलंड यांचा (१९८४). कार्डिफमधल्या एका प्रवास-कचेरीतल्या कर्मचारी बाईंचे उच्चार ग्राहक बदलला की त्याच्या धाटणीने बदलत, असे त्यात दिसले.

नाशिक जिल्ह्यात याचे सर्वांत बोलके रूप अहिराणी आणि शहरी मराठी यांच्यात सापडते. सटाणा, कळवण, देवळा, मालेगाव या भागातून फोन येतो आणि उचलणारा शहरी मराठीत बोलतो. अहिराणीत ‘मला’चे ‘माले’, ‘आहे’चे ‘शे’, ‘माझा’चे ‘मना’ होते. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, म्हणून जळगावचे ‘जयगाव’. फोनवर चेहरा किंवा हात दिसत नाही, त्यामुळे अंदाज बांधायला एवढा आवाजच हाती असतो.

नमुन्यादाखल ठिबक सिंचनाच्या तक्रारीचा कॉल घेऊ. डाळिंबाचा शेतकरी म्हणतो, “मनी ठिबकनी नयी फुटी गयी. शेवटना झाडेस्ले पानी जात नही.” ‘नयी’ म्हणजे नळी. शहरी कानाला मात्र ती ‘नवी’ किंवा हिंदीतली ‘नई’ वाटते. म्हणून उचलणारा विचारतो, “सर, पर्चेस कधी केलीत? बिल आहे का?” शेतकरी ओळखतो की आपले बोलणे पोचले नाही, आणि लगेच शहरी मराठीकडे वळतो : “नाही साहेब, नवीन नाही. शेवटपर्यंत पाणी येत नाही.” हे अभिसरण झाले, पण त्यात ‘फुटली’ हा एकमेव उपयोगी शब्द गळाला. तक्रार ‘दाब कमी’ म्हणून नोंदली जाते आणि फिल्टर बॅकवॉश करायला, म्हणजे गाळणी उलट्या प्रवाहाने धुवायला सांगितले जाते. गाळणीच्या आधीच्या गेजवर १.८ आणि नंतरच्या गेजवर १.६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असेल, तर फरक ०.२चाच. बॅकवॉश साधारण ०.५च्या आसपास फरक गेला की करतात, म्हणजे गाळणी निर्दोष आहे. हवा होता तो १६ मिमी लॅटरलचा, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या नळीचा, जॉइनर, आणि तंत्रज्ञ येतो तो गाळणीचे सामान घेऊन.

अशा कॉलमध्ये आपली बोली बदलण्याचे ओझे बहुधा ग्राहकाकडेच जाते, कारण काम त्याचे अडलेले असते. शुद्ध बोलण्याच्या खटपटीत तपशील सुटतो, हा त्याचा खरा तोटा. उचलणाऱ्याने जवळ यायचे ते वेगात, विरामात आणि वस्तूंच्या नावात. “नळी फुटली का दादा? कोणत्या ओळीत?” एवढे पुरते. ‘लॅटरल लीकेज’ म्हणू नये. ग्राहकाचे क्रियापद आपल्या उच्चारात परत म्हणावे. प्रत्यय मात्र उचलू नयेत. अहिराणी न येणाऱ्याने ‘तुले काय व्हयनं’ म्हटले की ऐकणाऱ्याला ती नक्कल वाटते. अभ्यासात याला अति-समायोजन म्हणतात. अतिसावकाश, लहान मुलाला समजावल्यासारखे बोलणेही त्यातच मोडते.

अपसरण बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या कॉलला दिसते. ग्राहक ‘साहेब’ सोडून देतो आणि त्याची अहिराणी दाट होते. उचलणाऱ्याकडून ‘सर’, ‘रजिस्टर्ड नंबर’, ‘टिकीट रेझ केलंय’ असे ठरीव इंग्रजी शब्द वाढतात आणि वेगही वाढतो. बूऱ्ही व जाइल्स यांनी १९७७मध्ये वेल्समध्ये हेच टिपले होते. वेल्श शिकणाऱ्या प्रौढांना प्रमाण इंग्रजी उच्चारात कोणी त्या भाषेला भवितव्य नाही असे सुनावले, तेव्हा त्यांचे वेल्श वळणाचे उच्चार अधिक ठळक झाले.

ध्वनिमुद्रणावरून तपासायचे तर पहिले मिनिट आणि शेवटचे मिनिट वेगळे काढावे. प्रत्येकाचा वेग (मिनिटाला किती शब्द), उत्तरापूर्वीचा विराम, ‘-ला’ की ‘-ले’, ‘ळ’ की ‘य’ आणि संबोधने मोजावीत. दोघांना वेगवेगळे मोजणे गरजेचे आहे : दोघेही एकमेकांकडे सरकले, तर नुसता फरक पाहून कोण किती हलले ते कळत नाही. कधी दोघे एकमेकांना ओलांडूनही जातात. ठाकरार, जाइल्स आणि चेशर (१९८२) यांच्या परिचारिकांवरील अभ्यासात वरिष्ठांचा वेग कमी झाला, कनिष्ठांचा वाढला. शिवाय मोजलेला बदल आणि ऐकणाऱ्याला जाणवलेला बदल एकच असेल असे नाही, म्हणून ग्राहकाला विचारल्याखेरीज ‘जवळीक’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

फोन उचलणारा स्वतः कळवण-सटाण्याकडचा असेल, तर वरचा प्रत्ययांचा नियम उलटतो. तिथे अहिराणीत न बोलणेच तुटकपणा समजले जाऊ शकते.