बारा लीडना न दिसणारी भिंत: V4R आणि V7 ते V9 यांची पार्श्वभूमी

छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या ईसीजीत V1 ते V3 मध्ये एसटी खाली गेलेला असतो आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मशीन 'अँटिरियर इस्किमिया' असं छापून देतं. पुष्कळदा ते चूक असतं. हृदयाची पुढची भिंत धडधाकट असते आणि मागच्या भिंतीला रक्त देणारी सर्कमफ्लेक्स पूर्ण बंद झालेली असते. मागच्या बाजूचा उंचावलेला एसटी पुढच्या लीडमध्ये उलटा, म्हणजे खाली गेलेला दिसतो. रुग्ण 'स्टेमी नाही', म्हणजे एसटी उंचावलेला अटॅक नाही, या गटात टाकला जातो, हेपरिन सुरू होतं आणि अँजिओग्राफी दुसऱ्या दिवसावर जाते. ही चूक वाचणाऱ्याच्या आळसापेक्षा जुनी आहे. तिची मुळं 1938 आणि 1994 या दोन वर्षांत सापडतात.

आइन्टहोवेनच्या स्ट्रिंग गॅल्व्हनोमीटरला हातापायांच्या तीनच लीड होत्या. हार्ट अटॅकमध्ये एसटी उंचावतो हे 1920 मध्ये हॅरोल्ड पार्डी यांनी दाखवलं, तेही याच तीन लीडवरून. छातीवर इलेक्ट्रोड लावून अटॅक ओळखण्याची वाट 1932 मध्ये फिलाडेल्फियाच्या वोल्फर्थ आणि वुड यांनी दाखवली. गंमत अशी की त्यांच्या पद्धतीत एक इलेक्ट्रोड छातीवर आणि दुसरा पाठीवर असे. 1934 मध्ये मिशिगनच्या फ्रँक विल्सन यांनी तिन्ही हातापायांच्या तारा एकत्र जोडून 'सेंट्रल टर्मिनल' बनवलं. त्यामुळे छातीवरच्या एकाच बिंदूचा विद्युतदाब मोजता येऊ लागला आणि पाठीवरच्या जोडीदार इलेक्ट्रोडची गरज संपली.

मग प्रश्न उरला की बिंदू कुठे घ्यायचे. जो तो आपल्या सोयीने घेत होता, म्हणून 1938 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या समितीने V1 ते V6 या सहा जागा ठरवून दिल्या. पार्डी, विल्सन आणि वोल्फर्थ तिघेही त्या समितीत होते. उरोस्थीच्या उजव्या कडेपासून डाव्या काखेच्या मध्यरेषेपर्यंत एवढाच हा पट्टा. रुग्ण पाठीवर झोपलेला असताना हात पोचेल तिथवरच्या या जागा आहेत. 1942 मध्ये गोल्डबर्गर यांनी aVR, aVL, aVF ची भर घातली आणि बाराचा आकडा पुरा झाला. पाठ आणि छातीची उजवी बाजू त्यात नव्हती. तेव्हा त्यात वावगंही नव्हतं, कारण अटॅकचं निदान झालं तरी विश्रांती आणि मॉर्फिन याखेरीज फारसं काही करता येत नसे. 

बारा लीडचा कागद उपचाराचा उंबरठा झाला तो गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनांमुळे. 1994 मध्ये नऊ मोठ्या चाचण्यांतल्या सुमारे 58,600 रुग्णांचं एकत्रित विश्लेषण 'लॅन्सेट'मध्ये आलं. एसटी उंचावलेल्यांना आणि बंडल ब्रँच ब्लॉक असलेल्यांना फायदा स्पष्ट होता. एसटी खाली गेलेल्यांत मात्र इंजेक्शन मिळालेल्यांपैकी 15.2 टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी 13.8 टक्के. निष्कर्ष सरळ निघाला की एसटी खाली असेल तर थ्रोम्बोलिसिस नको. पण 'एसटी खाली' या एकाच टोपलीत दोन वेगळे आजार पडले होते. एकात रक्तवाहिनी अरुंद असते आणि हृदयाच्या आतल्या थराला रक्त कमी पडतं. तिथे एसटी सहसा V4 ते V6 मध्ये सर्वांत जास्त खाली जातो आणि aVR मध्ये वर येतो. दुसऱ्यात मागच्या भिंतीची वाहिनी पूर्ण बंद असते. तिथे एसटी V2-V3 च्या आसपास सर्वांत खाली जातो. पहिल्या गटाच्या आकड्यांवरून दुसऱ्याचाही निकाल लागला, आणि पुढे 'स्टेमी' व 'नॉन-स्टेमी' ही नावं रुळली तेव्हा तो पक्का झाला.

किती रुग्ण असे निसटत होते, याचा अंदाज 2010 मध्ये ट्रायटन-टिमी 38 या चाचणीच्या नोंदींवरून आला. एसटी फक्त V1 ते V4 मध्ये खाली असलेले 1,198 रुग्ण त्यात होते. त्यांतल्या 314 जणांची, म्हणजे 26.2 टक्क्यांची, दोषी वाहिनी अँजिओग्राफीत बंद निघाली, आणि ती सर्वांत जास्त वेळा सर्कमफ्लेक्स होती. 2013 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी एसटी खाली असताना थ्रोम्बोलिसिस टाळायला सांगितलं, पण खऱ्या पोस्टीरियर, म्हणजे मागच्या भिंतीच्या, अटॅकचा अपवाद नोंदवला.

पाठीवरच्या लीड काढणं अवघड नाही. V4, V5, V6 च्या तारा सोडवायच्या आणि त्याच आडव्या पातळीवर मागे न्यायच्या: V4 ची तार डाव्या काखेच्या मागच्या रेषेवर, ती V7, V5 ची स्कॅप्युलाच्या खालच्या टोकाखाली, ती V8, V6 ची मणक्याच्या डाव्या कडेला, ती V9. रुग्णाला थोडं उजव्या कुशीवर वळवावं लागतं. घामाने पाठ ओली असेल तर पुसून घ्यावी, नाहीतर रेघ तरंगत राहते. इथे एसटी अर्धा मिलिमीटर वर असला तरी पुरेसा धरतात. चाळिशीच्या आतल्या पुरुषांत मात्र एक मिलिमीटर हवा. एरवी छातीवर एक-दोन मिलिमीटर मागणारे आपण इथे अर्ध्यावर का येतो? हृदय आणि पाठीच्या कातडीमध्ये अंतर जास्त आणि मध्ये हवेने भरलेलं फुप्फुस, म्हणून इथे क्यूआरएसही बुटका आणि एसटीही बुटका. मशीनवरच्या नेहमीच्या नजरेने पाहिलं तर अर्धा मिलिमीटर 'काही नाही' म्हणून सुटतो.

याच बुटकेपणामुळे उलटं वाचन धोक्याचं ठरतं. V7 ते V9 सपाट आल्या म्हणून पोस्टीरियर अटॅक नाही असं म्हणता येत नाही. V2-V3 मध्ये एसटी सर्वांत जास्त खाली, आडवा, टी लाट वर, आर लाट उंच होत चाललेली आणि छातीत दुखणं चालूच, असं चित्र असेल तर पुढचा कागदच पुरेसा बोलका असतो. मात्र उजवा बंडल ब्रँच ब्लॉक, उजव्या हृदयाचा जाडपणा, फुप्फुसातली गुठळी आणि पोटॅशियमची कमतरता यांतही V1 ते V3 मध्ये एसटी खाली जातो. तिथे मागच्या लीडची खरी मदत होते.

उजव्या बाजूची गोष्ट वेगळ्या दारातून आली. 1974 मध्ये जे. एन. कोन आणि सहकाऱ्यांनी उजव्या व्हेंट्रिकलचा अटॅक हे स्वतंत्र चित्र म्हणून मांडलं: रक्तदाब पडलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या, फुप्फुसं मात्र स्वच्छ. 1976 मध्ये एरहार्ट आणि सहकाऱ्यांनी तो छातीच्या उजवीकडच्या एकाच लीडने ओळखता येतो हे दाखवलं. 1983 मध्ये नेदरलंड्समधल्या ब्राट आणि वेलेन्स यांच्या गटाने V4R ची उपयुक्तता पक्की केली, आणि एक अडचणीची गोष्टही नोंदवली: निम्म्या रुग्णांत दुखणं सुरू झाल्यापासून दहा तासांत V4R मधला एसटीचा उंचवटा नाहीसा होतो. म्हणून वॉर्डात गेल्यावर काढलेली V4R कोरी असली तर तिचा फारसा अर्थ नसतो. ती पहिल्या ईसीजीला लागूनच काढायची. जागा V4 चीच, फक्त उजवीकडे: पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधली फट, कॉलरबोनच्या मध्यावरून सरळ खाली. 1993 मध्ये त्सेहेंडर यांच्या जर्मन गटाने इन्फिरियर, म्हणजे खालच्या भिंतीच्या, अटॅकच्या 200 रुग्णांत V4R मध्ये एसटी वर असलेल्यांचा रुग्णालयातला मृत्यूदर 31 टक्के आणि नसलेल्यांचा 6 टक्के असा फरक दाखवला, तेव्हा ही लीड नुसती कुतूहलाची राहिली नाही.

खरा घोटाळा होतो तो दोन्ही भिंती एकदम गेल्यावर. समजा, 58 वर्षांचा पुरुष, दोन तासांपासून छातीत जडपणा, नाडी 52, रक्तदाब 100/70. लीड II मध्ये एसटी दीड, III मध्ये अडीच, aVF मध्ये दोन मिलिमीटर वर. I आणि aVL मध्ये खाली. म्हणजे इन्फिरियर स्टेमी, आणि III मध्ये II पेक्षा जास्त उंच असल्याने उजवी कोरोनरी असण्याची शक्यता जास्त. इथवर सगळे पोचतात. आता छातीच्या लीड पाहू. V2 मध्ये एसटी दोन मिलिमीटर खाली, V3 मध्ये दीड, पण V1 सपाट. V2 इतका खाली असताना V1 ही थोडा तरी ओढला जायला हवा होता. तो जागेवर आहे, कारण मागची भिंत त्याला खाली खेचते आहे आणि उजवं व्हेंट्रिकल वर उचलतं आहे. दोन दुखापतींनी एकमेकींना खोडलं आणि लीड नॉर्मल दिसली. V4R लावली की दीड मिलिमीटर वर, V8 मध्ये एक मिलिमीटर वर. 

वाहिनी उघडायचा निर्णय या रुग्णात आधीच झालेला आहे. बदलतं ते पहिल्या अर्ध्या तासातलं काम. उजवं व्हेंट्रिकल दुबळं असलं की डाव्या बाजूला रक्त पोचणं शिरांमधून परतणाऱ्या रक्ताच्या दाबावर अवलंबून राहतं. जिभेखाली दिलेली सॉर्बिट्रेट शिरा सैल करते आणि 100 चा दाब 70 वर येऊ शकतो. म्हणून ती आणि लघवीचं इंजेक्शन दोन्ही टाळतात. फुप्फुसं स्वच्छ असतील तर सलाइन 250 मिली वेगाने देऊन दाब पुन्हा पाहतात. दाब उचलला नाही तर लिटरवर लिटर ओतत जाण्यात अर्थ नाही. ताणलेलं उजवं व्हेंट्रिकल मधला पडदा डावीकडे ढकलतं आणि दाब आणखी पडतो. त्या टप्प्यावर डोब्युटामिनसारख्या औषधाची गरज लागते. फुप्फुसात मोठी गुठळी असली तरीही V4R मध्ये एसटी वर येऊ शकतो, हे ध्यानात ठेवूनच हे सगळं.

बारा लीडच्या उंबरठ्याला इतर बाजूंनीही तडे गेले. 2008 मध्ये डे विंटर यांनी V1 ते V6 मध्ये एसटी खालून वर चढत जाणारा आणि टी लाट उंच टोकदार असा नमुना मांडला. पुढची मोठी वाहिनी बंद असूनही तिथे एसटी उंचावत नाही. इन्फिरियर अटॅकच्या सुरुवातीला कधी कधी aVL मधला किंचित खाली गेलेला एसटी हा एकमेव सुगावा असतो, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढला तरच बाकीचं उघड होतं. 2022 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीच्या तज्ज्ञगटाने पोस्टीरियर अटॅक, डे विंटर नमुना आणि नुकत्याच फुगलेल्या टी लाटा स्टेमीच्याच बरोबरीच्या मानल्या.

मशीनला मात्र यातलं काही कळत नाही. तार पाठीवर नेली तरी कागदावर V4, V5, V6 हीच नावं छापली जातात. पाठीवरचे बुटके क्यूआरएस पाहून मशीन 'जुना लॅटरल अटॅक' असंही लिहून मोकळं होतं. तालुक्याच्या रुग्णालयातून मोबाईलवर आलेल्या फोटोत ही गफलत सहज पुढे सरकते: पलीकडचा डॉक्टर V7 ला V4 समजून वाचतो. म्हणून कागद मशीनमधून बाहेर येताच, फोटो काढण्याआधी, छापील नावांवर काट मारून पेनाने V4R किंवा V7, V8, V9 लिहायचं, वेळ टाकायची आणि मशीनचं निदान खोडायचं.