परफॉर्मन्स बजेट (कॅटलॉग वेबसाइटचे)

वेबसाइटच्या पानाने किती वजन उचलावे, याची आधीच आखून दिलेली मर्यादा म्हणजे परफॉर्मन्स बजेट. ती गूगलच्या तीन मापांवरून ठरवतात. मुख्य मजकूर किंवा फोटो दिसायला लागणारा वेळ (एलसीपी) 2.5 सेकंदांच्या आत हवा. टॅप केल्यावर प्रतिसाद (आयएनपी) 200 मिलिसेकंदांत मिळावा. पान लोड होताना मजकूर इकडेतिकडे सरकण्याचे माप (सीएलएस) 0.1 पर्यंत चालते. निदान 75 टक्के भेटींत हे जमले, तरच पान ‘चांगले’ ठरते.

समजा, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या एका कंपनीच्या साइटवर व्हॉल्व्ह आणि पाइप फिटिंगची हजारो पाने आहेत. गूगलची प्रत्यक्ष वापराची आकडेवारी फक्त क्रोमच्या ग्राहकांची असते, आणि कमी भेटींच्या पानाची वेगळी मिळतच नाही. त्यामुळे एकेक पान तपासत बसण्यात अर्थ नाही. होमपेज, यादीचे पान आणि उत्पादनाचे पान अशा प्रत्येक टेम्प्लेटचे स्वतंत्र बजेट करावे.

उत्पादनाच्या पानाचा हिशेब असा मांडता येतो. पानाचा वेग तपासणाऱ्या गूगलच्या लाइटहाउस या साधनाची मोबाइल चाचणी 1.6 मेगाबिट वेग धरते, म्हणजे सेकंदाला साधारण 200 केबी. 2.5 सेकंदांतून सर्व्हरचे उत्तर येईपर्यंतचे 0.6 आणि पान रंगवायचे 0.4 वजा केले, की डाउनलोडला 1.5 सेकंद उरतात. त्यात 300 केबी बसतात: एचटीएमएल 30, सीएसएस 40, देवनागरी फाँट 40, मुख्य फोटो 90 आणि जावास्क्रिप्ट 100. हा ढोबळ अंदाज आहे, पण सुरुवातीला एवढा पुरतो.

वजन बजेटात असूनही एलसीपी चार सेकंदांवर गेला, तर आधी फोटो पाहावा. स्लायडरच्या प्लगिनमुळे अनेकदा पहिल्या फोटोलाही `loading="lazy"` लागलेले असते, आणि मग ब्राउझर पानाची मांडणी होईपर्यंत तो मागवतच नाही. डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये त्या फोटोची पट्टी इतरांच्या बरीच मागून सुरू झालेली दिसते. पहिल्या फोटोपुरता उपाय सोपा आहे:

```html
<img src="valve.webp" alt="बॉल व्हॉल्व्ह" width="600" height="600" fetchpriority="high">
```

रुंदी-उंची आधीच दिल्यामुळे फोटोची जागा राखली जाते आणि सीएलएसही आटोक्यात राहतो.

यादीच्या पानाचे दुखणे वेगळे. साइजचा फिल्टर टॅप केल्यावर शेकडो कार्डे एकदम नव्याने रंगवली जातात आणि आयएनपी बिघडतो. लाइटहाउसच्या नेहमीच्या चाचणीत कोणी टॅप करत नाही, म्हणून हा दोष तिथे दिसतच नाही. त्यासाठी web-vitals ही लायब्ररी साइटवर बसवून ग्राहकांच्या फोनवरची मापे गोळा करावी लागतात. दुरुस्तीचा परिणाम तिथे लगेच कळतो. गूगलचा आकडा मागच्या 28 दिवसांचा असल्याने सावकाश हलतो.

बजेट खरे मोडते ते नंतर. मार्केटिंगला चॅटचे विजेट हवे असते आणि त्याने जावास्क्रिप्ट 60 केबींनी वाढते. अशा वेळी तेवढेच वजन दुसरीकडून उतरवायचे, किंवा ग्राहकाने बटण टॅप केल्यावरच विजेट लोड करायचे. दुसरा मार्ग बहुतेकदा जास्त सोयीचा पडतो.