जी, गा आणि बे : इवाई झालेल्या मित्रांची चेष्टा

आमच्या बहिणीच्या साक्षगंधाला घरात पन्नासेक माणसं होती. मुलाचे वडील म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. पोरांचं जमलं आणि दोघे दोस्त इवाई झाले. इवाई म्हणजे व्याही. आमच्या वऱ्हाडात इवायाला अरे-कारे चालत नाही. चाळीस वर्षं एकमेकांना शिव्या दिल्या असल्या तरी त्या दिवसापासून ‘या जी, बसा जी’. बाबा तर मुलीकडचे, म्हणून जास्तच सांभाळून होते. कप पुढे करत म्हणाले, “घ्या जी इवाई. साखर बरोबर हाय ना जी?”

इवायांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “साखरीचं मले काय इचारतं बे? शायेत असतानी माह्या डब्यातला गूळ चोरून खात होता तू.”

सतरंजीवरची माणसं क्षणभर गप्प झाली. आत्या पदर सावरून उभी राहिली. तेवढ्यात बाबा म्हणाले, “अन् गुरुजीले सांगाले तूच गेला होता. मारही तूच खाल्ला बे!” मग जो हशा झाला तो अंगणापर्यंत गेला. हसू ओसरलं तसे बाबा पुन्हा वर चढले : “घ्या जी, दुसरा कप घ्या.”

ही चेष्टा नेमकी कशी घडते ते पाहायचं तर आधी वऱ्हाडीचं व्याकरण पाहावं लागतं. मराठीत मान फक्त ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत नसतो. तो हाकेत असतो, क्रियापदाच्या शेपटात असतो आणि आज्ञेतही असतो. प्रमाण मराठीत ‘तू आलास, तुम्ही आलात’. वऱ्हाडीत ते ‘स’ आणि ‘त’ गळून गेले आहेत. उरलं ‘तू आला, तुमी आले’. सगळा मान त्या एका मात्रेवर. पुढच्या काळासाठीची आज्ञाही तशीच : दोस्ताला ‘उद्या येजो’, मोठ्याला ‘उद्या येजा’. एक स्वर बदलला की माणूस पायरी उतरतो.

काही वाक्यांत मात्र लपायला जागा आहे. प्रमाण भाषेत ‘केलंस’ की ‘केलंत’ हे ठरवावंच लागतं. वऱ्हाडीत ‘काय केलं मंग?’ एवढं म्हटलं की भागतं, त्यात मानही नाही आणि एकेरीही नाही. ‘झालं का जेवण?’ हेही तसंच. नवे इवाई झालेले मित्र पहिले काही दिवस याच वाक्यांच्या आडोशानं बोलतात, हे मी घरात पाहिलं आहे. बाबा फोनवर आठवडाभर ‘काय झालं मंग, ठरलं का?’ असंच बोलत होते. तोंडात ‘तू’ येत होतं आणि ‘तुमी’ म्हणायची लाज वाटत होती.

पण चेष्टेचं खरं काम करतात ते वाक्याला लागणारे तीन छोटे शब्द : जी, गा आणि बे. तिघांचा इतिहास वेगवेगळा आहे.

‘जी’ सगळ्यांत मानाचा, आणि या मातीत फार जुना. अमरावती जिल्ह्यातलं ऋद्धिपूर हे महानुभावांचं मोठं ठिकाण. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात चक्रधरांशी बोलताना भक्तांच्या तोंडी हा ‘जी’ सारखा येतो. त्याच ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू मात्र लोकांना ‘मेला जाए’ असं झिडकारून बोलत, आणि लोक ते लाडाचं समजत. खालून मान आणि वरून लाडाची शिवी ही जोडी आमच्याकडे काल-परवाची नाही.

‘गा’ मधल्या पायरीचा. ज्ञानेश्वरीत तो जागोजागी भेटतो. पुण्यामुंबईच्या बोलण्यातून तो गेला, आमच्याकडे ‘काय गा, कुठी चालला?’ असा रोजच्या वापरात राहिला. त्यात मान नाही पण खाली ओढणंही नाही. म्हाताऱ्या शेजाऱ्यालाही ‘गा’ म्हणता येतं.

‘बे’ या तिघांत उशिरा आलेला, हिंदीतल्या ‘अबे’चा. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं. 1903 मध्ये वऱ्हाडही त्या प्रांताला जोडला गेला आणि 1956 पर्यंत आम्ही हिंदी मुलखासोबत एकाच राज्यात होतो. कचेरी, बाजार आणि रेल्वे यांतून हिंदी रोज कानावर पडत होती. ‘बे’ तिथून रुजला आणि मराठी क्रियापदाच्या मागे जाऊन बसला. म्हणून ‘इचारतं बे’ या दोन शब्दांत वऱ्हाडी आणि हिंदी शेजारी शेजारी आहेत.

आता त्या साक्षगंधाकडे परत जाऊ. इवाई ‘जी’वरून ‘गा’वर उतरले असते तर कोणी हसलं नसतं. इवाई जरा मोकळे झाले, एवढंच वाटलं असतं. त्यांनी मधली पायरी गाळली आणि थेट ‘बे’वर उडी मारली. हसू आलं ते त्या अंतरामुळे. दुसरी गोष्ट, सुरुवात त्यांनी केली, बाबांनी नाही. लग्नात वरपक्षाचा मान मोठा. मुलीच्या बापानं पहिला ‘बे’ टाकला असता तर तो मानपानाचा प्रश्न झाला असता आणि आत्याची भीती खरी ठरली असती. ज्याचा मान वर आहे त्यानंच आधी खाली यायचं, हा न सांगितलेला नियम आहे.

चेष्टा जमली की फसली हे पुढच्या वाक्यात कळतं. समोरच्यानं लगेच एकेरीत उत्तर दिलं तर जमली. तो ‘तुमी’वरच राहिला तर फसली, आणि मग दुसऱ्यांदा ‘बे’ म्हणायचं नसतं. ‘एकेरीवर येणे’ या शब्दांचा मराठीतला नेहमीचा अर्थ भांडण असाच आहे, तो उगीच नाही.

याची एक बाजू मला फार टोचते. गावात एकेरी नेहमी दोन्ही बाजूंनी चालली नाही. पाटलाच्या घरचं दहा वर्षांचं पोर साठीच्या सालगड्याला ‘ये बे’ म्हणायचं आणि सालगडी त्याला ‘हो जी मालक’ म्हणायचा. तिथे शब्द तेच होते, पण ती चेष्टा नव्हती, कारण म्हाताऱ्याला उलट ‘बे’ म्हणता येत नव्हतं. ज्या घरांनी हे पिढ्यान्पिढ्या ऐकलं, तिथला माणूस आजही ओळख नसताना कोणी ‘बे’ म्हटलं की चेहरा घट्ट करतो. त्याच्याशी चेष्टेची बरोबरी आधी कमवावी लागते.

लग्नाला आता सहा वर्षं झाली. चारचौघांत दोघे अजून ‘जी’ म्हणतात आणि मधूनच ‘बे’ची उडी मारतात. पण मागच्या कापूस वेचणीच्या वेळी पानठेल्यावर दोघांना लांबून बोलताना ऐकलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. बाबा म्हणत होते, “पऱ्हाटीले बोंडं कमी हाय गा यंदा.” इवाई म्हणाले, “माह्याही वावरात तसंच हाय गा.”