हजार ईमेल, एक मुद्दा: हरकती मोजण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

सरकारी नियमांच्या एखाद्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या की मुदत संपता संपता हजारो ईमेल येऊन थडकतात. उघडून पाहावे तर मजकूर तोच, खालचे नाव तेवढे वेगळे. असे ईमेल ओळखून त्यांचा एक गठ्ठा करायचा आणि तो एक मुद्दा म्हणून नोंदवायचा, ही पद्धत आज बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. मोहीम चालवणाऱ्यांना ती अन्यायाची वाटते: लोकांनी वेळ काढून लिहिले आणि तुम्ही लाखाचे एक केले! पण ही पद्धत केवळ कामाचा ढीग टाळण्यासाठी आलेली नाही.

तिचे मूळ अमेरिकेच्या 1946च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यात सापडते. नियम करण्याआधी मसुदा जाहीर करा, लोकांचे म्हणणे मागवा आणि त्यातल्या संबंधित बाबींचा विचार करा, असे हा कायदा सांगतो. बाजूने किती आणि विरोधात किती, हे मोजायला तो सांगत नाही. न्यायालयेही पुढे हेच पाहू लागली की महत्त्वाच्या आक्षेपाला खात्याने उत्तर दिले की नाही. आक्षेप एकाने घेतला काय आणि लाखाने घेतला काय, उत्तर एकदाच द्यायचे. म्हणजे मोजणीचे एकक माणूस नव्हे, मुद्दा.

छापील पोस्टकार्डांच्या काळात यात अडचण नव्हती. एकसारखी कार्डे नुसती पाहूनच वेगळी काढता येत. तरी गठ्ठा केला म्हणून त्याचे वजन शून्य होत नसे. डिसेंबर 1997मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सेंद्रिय मालाच्या नियमांचा मसुदा काढला. जनुकीय बदल केलेली पिके, किरणोत्सार प्रक्रिया आणि सांडपाण्याचा गाळ या तीन गोष्टींना त्यात दार उघडे ठेवले होते. त्यावर पावणेतीन लाखांहून अधिक प्रतिक्रिया आल्या. पत्रांचा ढीग प्रचंड असला तरी त्यातला मुख्य आक्षेप या तीन गोष्टींभोवतीच फिरत होता. खात्याने मसुदा मागे घेतला आणि 2000च्या अंतिम नियमांत तिन्ही गोष्टींना मनाई केली.

खरा पेच ईमेलने आणला. 2004मध्ये वीजकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाऱ्याच्या नियमावर अमेरिकी पर्यावरण संस्थेकडे पाच लाखांहून अधिक ईमेल आले. मोहिमेच्या संकेतस्थळावर तयार पत्र असे आणि त्यात स्वतःच्या दोन ओळी घालायला जागाही असे. त्यामुळे बरीच पत्रे तंतोतंत सारखी उरली नाहीत, आणि नुसती अक्षरशः तुलना केली तर ती वेगवेगळी ठरत. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी याच संग्रहावर जवळपास सारखी पत्रे शोधण्याचे काम केले. त्यामागची मूळ कल्पना वेब शोधयंत्रांकडून आली होती. तीच पाने पुन्हा पुन्हा दिसू नयेत म्हणून संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी 1997मध्ये ती मांडली होती.

कल्पना सोपी आहे. मजकुराचे सलग तीन-तीन शब्दांचे तुकडे पाडायचे. पहिला तुकडा शब्द 1 ते 3, दुसरा 2 ते 4, असे शेवटपर्यंत. मग दोन पत्रांत समान तुकडे किती आणि दोन्ही मिळून एकूण वेगळे तुकडे किती, याचे गुणोत्तर काढायचे. समजा मोहिमेचे पत्र 200 शब्दांचे आहे, म्हणजे त्यात 198 तुकडे. कोणी मधला एक शब्द बदलला तर तीन तुकडे बदलतात. समान 195, एकूण 201, साम्य 0.97. ते पत्र बिनदिक्कत गठ्ठ्यात जाते.

आता दुसऱ्या कोणी सुरुवातीला स्वतःचे 50 शब्द घातले आणि खाली मूळ पत्र जसेच्या तसे ठेवले. त्याचे तुकडे 248, समान 198, साम्य 0.80. गठ्ठ्यात घेण्यासाठी किमान साम्याचा उंबरठा 0.9 ठेवला असेल तर हे पत्र स्वतंत्र ठरेल, जे चुकीचे आहे. उंबरठा 0.75वर आणला तर ते गठ्ठ्यात जाईल आणि वरचे 50 शब्द कोणी वाचणार नाही, हे त्याहून वाईट. कारण एखाद्याने नेमके तिथेच लिहिलेले असू शकते की त्याच्या घराजवळच्या केंद्राची मोजमापे मसुद्यातल्या आकड्यांशी जुळत नाहीत. म्हणून ब्रोडर यांनी साम्याबरोबरच समावेशही मोजला होता: मूळ पत्राचा किती भाग या पत्रात आहे? इथे उत्तर 1, म्हणजे पूर्ण. पत्र मोहिमेतले आहे हे कळले, आणि उरलेले 50 शब्द वाचायला बाजूला काढता आले. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा खरा उपयोग हा आहे. मात्र अपेक्षा बेताचीच ठेवावी. पारा प्रकरणातल्या, मजकूर बदलून पाठवलेल्या ईमेलांपैकी सर्वांत लांब एक हजार संशोधक स्टुअर्ट शुलमन यांनी तपासले, तेव्हा नवी माहिती असलेले अगदी थोडे निघाले.

छोट्या मजकुरात हे गणित फसते. अकरा शब्दांच्या वाक्यात नऊच तुकडे असतात. मधला एक शब्द बदलला की समान सहा, एकूण बारा आणि साम्य थेट 0.5. दोन ओळींच्या ईमेलांना लांब पत्रांचा उंबरठा लावून चालत नाही.

2017मध्ये हीच फट मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखीच वागणूक देण्याच्या, म्हणजे इंटरनेट समानतेच्या नियमांवर अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे दोन कोटींहून अधिक प्रतिक्रिया आल्या. त्यांतल्या लाखो प्रतिक्रियांत वाक्यांचा क्रम तोच होता, पण प्रत्येक पदसमूहाच्या जागी दुसरा समानार्थी पदसमूह यंत्राने बसवला होता. शब्दांचे तुकडे जुळेनात. अर्थाच्या जवळिकीवर गट पाडले तेव्हा सांगाडा दिसला. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी 2021मध्ये दिलेल्या अहवालानुसार जवळजवळ 1 कोटी 80 लाख प्रतिक्रिया बनावट होत्या. त्यांतल्या 77 लाख एकाच महाविद्यालयीन विद्यार्थ्याने तयार केल्या होत्या. मुद्दा एकदाच मोजायचा असेल तर अशा खोट्या नावांनी मुद्द्याचे वजन वाढत नाही. पण गठ्ठ्याशेजारी लिहिलेल्या संख्येवर मात्र भरवसा उरत नाही.

ती संख्या लिहायची की नाही? पर्यावरण संस्थेने मधला मार्ग काढला: मोहिमेच्या पत्राचा एक नमुना प्रसिद्ध करायचा आणि तशी किती पत्रे आली ते नोंदवायचे.

भारतातली दोन उदाहरणे शेजारी ठेवली की फरक चांगला कळतो. मार्च 2015मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने काढलेल्या सल्लापत्रात 20 प्रश्न होते. इंटरनेट समानतेच्या बाजूने दहा लाखांच्या घरात ईमेल गेले, आणि तेही तयार मजकुराचेच होते. पण त्या मजकुरात प्रश्नांची उत्तरे होती, म्हणून एक गठ्ठा झाला तरी त्यात विचारात घेण्याजोगे काही होते. डिसेंबर 2015चे पुढचे सल्लापत्र वेगवेगळ्या डेटा दरांबद्दल होते. त्यात चार प्रश्न होते. त्यावर फेसबुकच्या मोहिमेतून लाखो ईमेल आले, पण ते फ्री बेसिक्सला, म्हणजे निवडक संकेतस्थळे फुकट देणाऱ्या फेसबुकच्या सेवेला, पाठिंबा देण्यापलीकडे जात नव्हते. ट्रायने फेसबुकला कळवले की प्रश्नांची उत्तरे द्यायला तुमच्या वापरकर्त्यांना सांगा, आणि जानेवारी 2016च्या पत्रात या प्रकाराला बहुमत दाखवण्यासाठी घडवून आणलेली मतचाचणी ठरवले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने नियम जाहीर केले, आणि त्यांत मजकुरानुसार वेगळे डेटा दर लावायला बंदी घातली.