मोड आणणे (मुगाला)

भिजवलेले अख्खे मूग ओलसर, उबदार व हवेशीर ठेवून अंकुरित करण्याची घरगुती कृती. हे मूग महाराष्ट्रात उसळीला, गोव्यात मुगागाठीला लागतात. ‘मोड’ म्हणून दिसणारा पांढरा भाग खोड नसून आदिमूळ होय.

मूग (विग्ना रेडिएटा) पूर्वी फॅसिओलस वंशात गणला जाई. त्याच्या वन्य पूर्वजाचे वेल पश्चिम घाटात आढळतात. लागवड भारतीय उपखंडात सुरू झाली हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. ती एकाच भागात झाली की दोन भागांत स्वतंत्रपणे, याबद्दल मतभेद आहेत. दक्षिणेतील नवाश्मयुगीन स्थळांवर सापडलेले जळके दाणे साधारणतः इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या सहस्रकातील मानतात. मात्र अशा दाण्यांवरून मोड आणण्याची प्रथा किती जुनी, हे ठरत नाही.

मोडांना येणारा आंबूस वास उबेमुळे येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ऊब तो वाढवते हे खरे, पण मूळ कारण साचलेले पाणी मानणे अधिक योग्य. अंकुरणारा दाणा जोराने श्वसन करतो. दाण्यांभोवती पाण्याचा थर राहिला की प्राणवायू पोचत नाही, दाण्यात मद्यार्क तयार होऊ लागतो आणि सालीवरचे जिवाणू भिजताना पाझरलेल्या साखरेवर वाढून आम्ल निर्माण करतात. धुण्याने ही साखर व आम्ल निघून जाते आणि गोळ्यातली उष्णताही उतरते. म्हणून धुण्याइतकेच निथळणे महत्त्वाचे. धुऊन लगेच घट्ट बांधलेल्या पुरचुंडीच्या तळाचे मूग आधी आंबतात.

एक वाटी मूग रात्री दहाला तिप्पट पाण्यात भिजवले, तर सकाळी सातला ते पाणी टाकून द्यावे, न फुगलेले गणंग वेचावेत व मूग दोनतीन पाण्यांनी धुवावेत. चाळणीत दहा मिनिटे निथळून, पिळलेल्या सुती फडक्यात सैल बांधून, चाळणीतच ठेवावेत. खाली ताटली असावी, तिच्यातले पाणी मुगाला लागू नये. दुपारी तीन आणि रात्री दहाला पुन्हा धुऊन निथळावेत. दुसऱ्या सकाळी बहुधा अर्ध्या इंचाचे मोड असतात. उन्हाळ्यात दर सहा तासांनी धुणे इष्ट. थंडीत दिवसातून दोनदा पुरते, पण मोडांना एक दिवस जास्त लागू शकतो.

चांगल्या मोडांना ओल्या हिरव्या शेंगेसारखा वास येतो. पहिल्या भिजवणीच्या पाण्याला थोडा फेस आला तरी चालतो; नंतरच्या धुण्यातही फेस येत राहणे, दाणे बोटांना बुळबुळीत लागणे, मोडाचे टोक तपकिरी होणे ही बिघडल्याची चिन्हे. बुळबुळीत मूग धुतल्याने वास जातो, मूग सुधारत नाहीत, ते टाकावेत. उलटपक्षी, वास नसला म्हणजे रोगजंतू नाहीत असे नव्हे. लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्धांना मोड शिजवूनच द्यावेत. तयार मोड कोरडे करून शीतकपाटात दोनतीन दिवस टिकतात.